थालीपीठ व्हिडिओचं थंबनेल: प्रकल्प नोंदी

3 जून

काकूंच्या चॅनलवरचा भाजणीच्या थालीपिठाचा व्हिडिओ चांगला आहे, पण थंबनेल फोनवर अगदी गिचमिड दिसतं, म्हणून नवीन करायला घेतलंय. आधीचं लॅपटॉपवर उघडून बघितलं तर काहीच वाईट नाही, केळीच्या पानावर थालीपीठ, शेजारी लोणी, वर चार ओळीत "भाजणीचं थालीपीठ तुटू नये म्हणून काय करायचं". तेच काकूंच्या फोनवर चॅनलच्या यादीत बघितलं तर हिरवट-तपकिरी ठिगळ आणि त्यावर पांढऱ्या मुंग्या.

पट्टी घेऊन मोजलंच शेवटी. त्यांचा फोन साडेसहा इंची, म्हणजे स्क्रीनची रुंदी साधारण 68 मिलिमीटर. होम फीडमध्ये थंबनेल पूर्ण रुंदीचं येतं तेव्हा प्रश्न नाही, पण चॅनलची यादी, हिस्टरी, प्लेलिस्ट या सगळ्या ठिकाणी ते डावीकडे छोटं येतं, 30 मिलिमीटर रुंद आणि 17 मिलिमीटर उंच. आता आपला कॅनव्हास 1280 बाय 720 चा. त्यातलं 72 पिक्सेल उंचीचं अक्षर, जे लॅपटॉपवर दणदणीत वाटतं, ते उंचीच्या दहा टक्के, म्हणजे फोनवर 1.7 मिलिमीटर. आणि आधीच्या थंबनेलमधली अक्षरं शिरोरेषेपासून तळापर्यंत 62 पिक्सेल आहेत, ती दीड मिलिमीटरच्याही आत गेली. हातभर अंतरावरून, अंगठ्याने सरकवत सरकवत, कोण वाचणारे ते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण चढवलेलं मोठं चित्र फोनच्या यादीत जसंच्या तसं जातच नाही. यूट्यूब त्याच्या लहान लहान प्रती स्वतः तयार करून ठेवतं आणि त्या आपल्याला ब्राउझरमध्ये बघताही येतात, व्हिडिओचा आयडी घालून पत्ता टाकायचा:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/mqdefault.jpg
```

ही प्रत 320 बाय 180 ची असते. शेवटी `default.jpg` टाकलं तर 120 बाय 90 ची येते, तिच्यात वरखाली काळ्या पट्ट्या असतात त्यामुळे खरं चित्र 120 बाय 68 च्या आसपासच उरतं. `maxresdefault.jpg` ही 1280 वाली. म्हणजे 1280 चं 320 होताना चारपट लहान आणि अजून लहान जागेत बसताना आठपट. मी आठपट धरून काम करणारे, कारण तिथे टिकलं तर बाकी बहुतेक ठिकाणी टिकतं. मोठ्या चित्रातले 8 पिक्सेल म्हणजे लहान चित्रातला 1, हे एकच गणित डोक्यात ठेवायचं. 4 पिक्सेलची नाजूक रेघ काढली तर ती अर्धा पिक्सेल होते, आणि अर्धा पिक्सेल म्हणजे राखाडी धूर.

4 जून

आज तपासायची सोय करून घेतली, दर वेळी चढवून बघणं शक्य नाही. इमेजमॅजिकच्या तीन ओळी:

```
magick thalipith.png -resize 320x180 -quality 75 t320.jpg
magick t320.jpg -resize 160x90 t160.png
magick thalipith.png -sample 160x90 t160_kadak.png
```

पहिली ओळ सर्व्हरवरच्या लहान प्रतीची नक्कल करते, म्हणजे लहान करून जेपेगमध्ये बऱ्यापैकी दाबलेली. दुसरी त्याच दाबलेल्या प्रतीला अजून लहान करते, फोनवर असंही घडू शकतं, आधी कुणीतरी लहान केलेलं चित्र ॲप परत लहान करतं. तिसरी मुद्दाम वाईट वागवते: `-sample` सरासरी काढत नाही, दर आठ पिक्सेलमधला एक उचलतो आणि बाकीचे सात सोडून देतो. बारीक रेघा यात तुटक होतात, कडा करवतीसारख्या दिसतात. कुठल्या फोनवर कुठलं ॲप कसं लहान करेल ते आपल्या हातात नाही, म्हणून मऊ आणि कडक दोन्ही बघायचं.

आधीचंच थंबनेल यातून काढलं, आणि काय दिसलं ते नीट लिहून ठेवते कारण पुढचं सगळं काम यावर आहे. "भाजणीचं" हे "माजणीचं" झालंय. भ आणि म मधला फरक सगळा वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे, भ ची शिरोरेषा तिथे तुटते आणि खाली छोटी गाठ असते. 62 पिक्सेलच्या अक्षरात ती फट जेमतेम 7 पिक्सेल होती, आठाने भागली की एक पिक्सेलही उरत नाही, फट बुजते आणि शिरोरेषा सलग दिसायला लागते. थ चा य होतो तो याच कारणाने, ध चा घ पण. "थालीपीठ" मी वाचू शकत होते कारण मला माहितीये तिथे काय लिहिलंय. शेजारच्या ताईंना फक्त t160 दाखवलं तर त्या म्हणाल्या, "याली... काय गं हे?"

आणि अनुस्वार. "भाजणीचं" आणि "करायचं" या दोन्हीचा ठिपका शिरोरेषेला चिकटून तिचाच फुगवटा झालेला. रोमन लिपीत i चा ठिपका गेला तरी शब्द कळतो, आपल्याकडे अनुस्वार, मात्रा, वेलांटी हे सगळं शिरोरेषेच्या वर एकाच अरुंद पट्टीत बसतं आणि सगळ्यात आधी तीच पट्टी मरते. इंग्रजी थंबनेलसाठीचे नियम जसेच्या तसे मराठीला लावता येत नाहीत असं मला वाटतं ते यामुळेच.

6 जून

काकूंशी शब्दांवरून बोलणं झालं. त्यांचं म्हणणं पूर्ण वाक्य हवं, "अगं, नाहीतर कळणार कसं कशाचा व्हिडिओ आहे ते." मुद्दा बरोबर आहे पण उत्तर दुसरीकडे आहे: यादीत थंबनेलच्या शेजारीच व्हिडिओचं शीर्षक असतं, ते फोनच्या स्वतःच्या अक्षरात येतं आणि कधीच धूसर होत नाही. तिथे "भाजणीचं थालीपीठ" लिहिलेलं आहेच, आणि चित्रात थालीपीठ दिसतंय. तेच तिसऱ्यांदा लिहून जागा कशाला घालवायची. चित्रात फक्त जे शीर्षकात नाही ते, म्हणजे "तुटतं?"

पूर्ण वाक्याची आणि या एका शब्दाची अशा दोन प्रती करून शेजारी शेजारी फोनवर दाखवल्या, काकू एक मिनिट बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे एकच ठेव, हे वाचता येतंय."

एका शब्दाचा अजून एक फायदा जो लगेच लक्षात येत नाही. मराठीत दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे अनुस्वार-मात्रा एकमेकांच्या अंगावर येतात, म्हणून ओळींत अंतर वाढवावं लागतं आणि त्यात अक्षर लहान होतं. "तुटतं" मध्ये खाली उकार आहे आणि वर अनुस्वार, दोन्हीकडे जागा खातो हा शब्द. एकच ओळ असल्यामुळे अक्षराची उंची 62 वरून 190 पिक्सेलवर नेता आली. यादीत ते साडेचार मिलिमीटर.

7 जून

फाँटचा दिवस. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचा मुक्ता घेतला, तो 200 ते 800 पर्यंत सात वजनांत मिळतो, त्यांचाच बलू पण लावून बघितला आणि मोदकही. मोदक सगळ्यात जाड, पोस्टरला झकास, पण इथे नको: जाडी वाढते तशी अक्षराच्या आतली पोकळी कमी होते आणि लहान केल्यावर आधी पोकळीच बुजते. लोक फक्त रेघ किती जाड आहे ते बघतात, पण अक्षर ओळखू येतं ते रेघ आणि पोकळी दोन्ही टिकल्यामुळे. ट चं पोट, त चा वळसा, यांच्या आत काळं दिसायला हवं, नाहीतर तो नुसता पांढरा गोळा.

म्हणून दोन्ही मोजायचं. मुक्ता 800 मध्ये 190 पिक्सेलच्या अक्षराचा कान्याचा दांडा माझ्या कॅनव्हासवर साधारण 34 पिक्सेल भरला, आठाने भागून चार. ट च्या पोटातली मोकळी जागा त्याहून जास्त. दोन्ही पुरेसं आहे म्हणजे लहान चित्रात काळं-पांढरं दोन्ही जगेल. अक्षरांत थोडं अंतर पण वाढवून बघितलं, पण मराठीत त्याला मर्यादा आहे, जास्त ताणलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसतो. नको. फाँटमध्ये जे आहे तेच ठेवलं.

अनुस्वाराचं मात्र हाताने करावं लागलं. ठिपका मोठा होता, 36 पिक्सेल, पण ठिपका आणि शिरोरेषेतली फट 11 पिक्सेल, म्हणजे लहान प्रतीत दीड पिक्सेलही नाही, आणि जेपेग दाबणीत तेवढं अंतर हमखास भरतं. इंकस्केपमध्ये मजकुराची एक प्रत बाजूला ठेवली (नंतर शब्द बदलायचा झाला तर), दुसरीवर `Path > Object to Path` केलं, मग ग्रुप सोडला, की ठिपका वेगळा निवडता येतो. तो सरळ वर उचलला, फट 26 पिक्सेल होईपर्यंत. मोठ्या चित्रात बघताना जरा उंच वाटतो, टायपोग्राफीवाले नाक मुरडतील, पण t160 मध्ये पहिल्यांदा "तुटतं" हे "तुटत" असं न दिसता "तुटतं" दिसलं. उकारालाही असंच, त्याची शेपटी टोकाला निमुळती होते, ती नोड ओढून जाड केली.

भोवतीची काळी कड 16 पिक्सेलची दिली पण ती भरलेल्या रंगाच्या मागे, `Stroke style` मध्ये क्रम बदलता येतो. पुढे ठेवली तर अर्धी कड अक्षराच्या आत घुसते आणि दांडा 34 चा 18 होतो. मऊ सावली काढूनच टाकली. चार-पाच पिक्सेलची धूसर सावली लहान प्रतीत कडेला मळकटपणा आणते, बाकी काही नाही.

10 जून

आज फोटोकडे. आधीचा फोटो रंगीत असताना छान वाटतो, तोच करडा केला:

```
magick t320.jpg -colorspace Gray t320_gray.jpg
```

आणि थालीपीठ गायब! पान हिरवं, थालीपीठ तपकिरी, पण दोघांचा उजेड जवळपास सारखा, त्यामुळे करड्यात एकच सपाट राखाडी. ही चाचणी का महत्त्वाची तर जेपेगच्या नेहमीच्या दाबणीत रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मीच ठेवतात, उजेडाची पूर्ण ठेवतात. 320 च्या चित्रात रंग जणू 160 बाय 90 चाच असतो. म्हणजे ज्या कडेला फक्त रंगाचा फरक आहे ती कड मुळातच पुसट साठवली जाते, आणि उजेडाचा फरक असलेली कड तीक्ष्ण राहते. लाल अक्षरांचं घोडं इथेच अडतं. काकूंना लाल रंग हवा होता, पण भडक लाल हा डोळ्याला जोरदार वाटला तरी उजेडात गडदच असतो, काळ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट 5.25 ला 1 येतो आणि पिवळ्याचा साडेएकोणीसच्या वर. तपकिरी थालिपिठावर तर लाल अजून बुडतो. पिवळं ठरलं, काळ्या कडेसह.

फोटो परत काढायचा ठरला, लोखंडी तव्यावर. काळा तवा, मध्यम उजेडाचं थालीपीठ, वर पांढरं लोणी: तीन वेगळे उजेड, करड्यातही तीन वेगळे दिसतात.

11 जून

सकाळी काकूंकडे फोटो काढले, खिडकीचा उजेड एका बाजूने. दोन गोष्टी कॅमेऱ्यासमोरच ठरवल्या कारण त्या नंतर सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाहीत.

एक, तुटणं दिसायला हवं. थालीपीठ खरोखर तुटतं तेव्हा तडा असतो केसाएवढा, फोटोत 5-6 पिक्सेल, लहान प्रतीत नाहीच. म्हणून मधून तोडून दोन्ही तुकडे बोटभर लांब सरकवले, मधे काळा तवा दिसतो. कॅनव्हासवर ही फट 70 पिक्सेलच्या आसपास आहे म्हणजे t160 मध्ये जवळपास 9, दुरूनही कळतं की तुटलंय. काकू म्हणाल्या इतकं कुठे तुटतं, पण फोनवर बघितल्यावर पटलं त्यांना.

दोन, जवळून. पूर्ण तवा, ओटा, मागची पितळी भांडी हे सगळं घेतलं तर थालीपीठ चित्राच्या पाव भागात उरतं. आता ते डाव्या कडेला कापलं जाईल इतकं मोठं घेतलंय, गोल पूर्ण दिसला नाही तरी चालतं, वळण आणि मधलं भोक दिसलं की मेंदू बाकीचं पुरं करतो.

12 जून

कडा धारदार करण्याबद्दल. इथे बहुतेक जण चुकीच्या जागी जोर लावतात असं दिसतं. फोटो एडिटरमध्ये शार्पनचा नेहमीचा आकडा एक पिक्सेल त्रिज्येचा असतो आणि 1280 वर बघताना तीळ न् तीळ टरारून उठतो, पण लहान करताना तो सगळा बारीक फरक सरासरीत वाहून जातो. लहान प्रत तयार झाल्यावर तिला धार लावायची सोय आपल्याकडे नाही, ती सर्व्हरवर बनते. म्हणून मोठ्या चित्रातच, पण लहान प्रतीच्या मापाने धार लावायची: 320 वरची एक पिक्सेल म्हणजे आपल्याकडे चार.

```
magick photo.png -unsharp 0x4+0.6+0.02 photo_dhaar.png
```

0x4 मधला 4 म्हणजे ती जाडी, 0.6 जोर, आणि शेवटचा आकडा म्हणजे किती लहान फरक सोडून द्यायचा, नाहीतर सपाट भागातले दाणेही उठतात. जोर 1 च्या पुढे नेला तर तव्याच्या कडेभोवती पांढरी प्रभावळ दिसायला लागते, आणि टीव्हीवर हेच थंबनेल मोठं दिसतं तिथे ती डोळ्यात खुपते. 0.6 वर टीव्हीवर कळत नाही आणि फोनवर उपयोग होतो. मजकुराला हे लावायचं नाही, फक्त फोटोच्या थराला.

उलट काही भाग मुद्दाम मऊ केले. थालिपिठाचा पृष्ठभाग म्हणजे तीळ, कोथिंबीर, भाजणीचा दाणा, सगळं 8 पिक्सेलच्या आतलं, t160_kadak मध्ये ते नुसतं चरचरीत दिसत होतं, आणि जेपेग त्या चरचरीवर आपली सगळी ताकद घालवतो त्यामुळे अक्षराच्या कडेला चौकोनी डाग येतात. तव्याचा काळा भाग आणि मागचा ओटा धूसर केला, थालिपिठावर अगदी हलकं. खुसखुशीतपणा दाखवायला मोठे डाग ठेवले, जिथे जास्त भाजून काळपट झालंय ते, ते 30-40 पिक्सेलचे आहेत आणि लहान प्रतीतही खमंग वाटतात. एकेक तीळ दिसला नाही तरी चालेल.

13 जून

मांडणी. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओच्या वेळेचा काळा चौकोन येतो, आणि गंमत म्हणजे थंबनेल लहान झालं तरी तो चौकोन त्या प्रमाणात लहान होत नाही, त्यातला आकडा वाचता यायला हवा ना. स्क्रीनशॉटवर मोजलं तर छोट्या यादीत तो रुंदीचा जवळजवळ पाचवा भाग खातो. त्यामुळे उजव्या खालच्या कोपऱ्यात 300 बाय 150 ची जागा मोकळी सोडली, तिथे नुसता तवा. अर्धवट बघितलेल्या व्हिडिओला तळाशी लाल रेघ येते, म्हणून तळाची 60 पिक्सेलची पट्टीही मोकळी ठेवली.

शब्द उजवीकडे वर, थालिपिठाचे तुकडे डावीकडून मधे. लोण्याचा गोळा शब्दाच्या मागे येत होता, पांढऱ्यावर पिवळं म्हणजे कड असूनही मरतं, तो सरकवून डाव्या तुकड्यावर घेतला.

ताईंना परत t160 दाखवलं, फोनवर, एक सेकंद, मग स्क्रीन बंद. "तुटतं... थालीपीठ आहे ना, तुटलेलं?" ब्राइटनेस अगदी कमी करूनही बघितलं, आणि गॅलरीत उन्हात पण. उन्हात तवा आणि ओटा एक होतात, शब्द आणि तुकडे राहतात.

14 जून

चढवलं. सर्व्हर परत दाबणारच, मग आपण आधीच दाबून द्यायचं नाही, रंगही निम्मा करून द्यायचा नाही:

```
magick thalipith.png -sampling-factor 4:4:4 -quality 92 thalipith.jpg
```

फाइल आकारानेही आटोक्यात राहिली. लगेच `mqdefault.jpg` उघडलं तर जुनंच चित्र, मधल्या साठवणीतलं असतं ते, संध्याकाळी बदललं.

आता खरी प्रत चारशे टक्के मोठी करून बघितली. अनुस्वाराखालची फट शाबूत आहे, ट च्या पोटात काळं आहे, पिवळ्याच्या कडेला किंचित तपकिरी पसरलंय पण काळी कड ते झाकते. 120 वाल्या प्रतीत ठिपका जेमतेम सुटा दिसतो, उकाराची शेपटी मात्र गेली, तिथे "तु" आणि "त" मधला फरक अंदाजानेच. ती प्रत यादीत सहसा दिसत नाही, म्हणून त्यासाठी उकार अजून जाड करून मोठ्या चित्रातला शब्द बिघडवणार नाही.

इंकस्केपची फाइल साचा म्हणून ठेवलीये, उजवा खालचा कोपरा आणि तळाची पट्टी गाइडने आखलेली, उचललेला अनुस्वार वेगळ्या थरात. काकूंचा पुढचा व्हिडिओ उकडीच्या मोदकांचा आहे, पांढरं वाफाळतं पीठ आणि त्यांना ते चांदीच्या ताटात हवेत, तर फोटोच्या आधीच ताट करडं करून बघायचं आणि जमलं नाही तर पितळी परात मागायची.